चढता हप्ता, उतरता हप्ता

40 लाखांचं घरकर्ज, 8.5 टक्के व्याज, 20 वर्षांची मुदत. महिन्याला किती बसेल? कुठल्याही बँकेत विचारलं तरी उत्तर एकच येतं: 34,713 रुपये. पहिल्या महिन्यात जेवढे, तेवढेच 240व्या महिन्यात. आपल्याकडे ‘ईएमआय’ म्हणजे हाच समान मासिक हप्ता.

आता समोर बसलेली व्यक्ती चिंचवडच्या एखाद्या कारखान्यात नुकतीच कायम झालेली 28 वर्षांची अभियंता आहे, असं धरू. घरभाडं, शिक्षणकर्जाचा उरलेला हप्ता आणि गावी पाठवायचे पैसे जाऊन तिच्या हातात हप्त्यासाठी 30,000 रुपये उरतात. पगार वाढणार हे तिला ठाऊक आहे, बँकेलाही ठाऊक आहे. मग कर्ज विभागातला अधिकारी म्हणतो, “मॅडम, स्टेप-अप करून टाकू. पहिली 5 वर्षं 30,000च भरा, पुढे थोडा वाढेल.”

हा ‘थोडा’ नेमका किती, आणि त्यापायी 20 वर्षांत व्याज किती वाढतं, हे सहसा त्या टेबलावर बोललं जात नाही. ते कळायला आधी साध्या समान हप्त्याच्या पोटात डोकवावं लागतं.

पहिल्या महिन्यात 40 लाखांवर 8.5 टक्के दराने एका महिन्याचं व्याज होतं 28,333 रुपये. 34,713 मधून ते आधी वजा होतं. उरलेले 6,380 रुपये मुद्दलात जमा होतात. दुसऱ्या महिन्यात मुद्दल 39,93,620 रुपये असतं, म्हणून व्याज 28,288 वर येतं आणि मुद्दलाच्या वाट्याला 6,425 रुपये येतात. हप्ता तोच राहतो, पण आत व्याजाचा वाटा दर महिन्याला थोडा थोडा आटत जातो आणि मुद्दलाचा वाढत जातो. 20 वर्षांत एकूण 83 लाख 31 हजार रुपये भरले जातात. त्यातले 43 लाख 31 हजार व्याजाचे.

व्याज म्हणजे दुसऱ्याचे पैसे वापरल्याचं भाडं. जेवढं मुद्दल जेवढे महिने अंगावर राहील, तेवढं भाडं. समान हप्ता, चढता हप्ता आणि उतरता हप्ता या तिन्ही प्रकारांत दर तोच असेल, तर फरक फक्त एवढाच पडतो की मुद्दल कुठल्या वेगाने उतरतं. बँक चढत्या हप्त्यावर काही छुपा जादा दर लावते असा अनेकांचा समज असतो. तशी गरजच नसते. मुद्दल रेंगाळलं की त्याच दराने जास्त व्याज आपोआप जमा होतं.

आता त्या अभियंता मुलीचा हिशेब. 30,000 च्या हप्त्यातून पहिल्या महिन्याचं 28,333 व्याज गेलं की मुद्दलासाठी उरतात 1,667 रुपये. समान हप्त्यात 6,380 उरत होते. म्हणजे हप्ता 4,713 रुपयांनी, जेमतेम 14 टक्क्यांनी कमी झाला, पण मुद्दलफेड जवळपास पाऊणपट घटली. चढत्या हप्त्याचं सगळं गणित या एका ओळीत आहे. हप्त्यात जी सूट मिळते ती व्याजाच्या भागातून मिळत नाही, सगळीच्या सगळी मुद्दलाच्या भागातून कापली जाते.

5 वर्षांत ती 18 लाख रुपये भरते. त्यानंतर शिल्लक मुद्दल असतं 38,75,929 रुपये. 18 लाख भरून कर्ज उतरलं फक्त 1 लाख 24 हजारांनी. समान हप्ता भरणाऱ्याचं याच 5 वर्षांत 4 लाख 75 हजार मुद्दल फिटलेलं असतं.

उरलेल्या 15 वर्षांत हे 38.76 लाख फेडायचे, तर सहाव्या वर्षापासून हप्ता होतो 38,168 रुपये. म्हणजे 30,000 वरून एकदम 27 टक्क्यांची उडी. पगार दरवर्षी 5 टक्क्यांनी वाढत राहिला, तर 5 वर्षांत तो साधारण तेवढाच वाढलेला असेल. म्हणजे हप्ता पगाराचा जेवढा वाटा आज खातो, तेवढाच तेव्हाही खाईल. मधल्या काळात नोकरी गेली, मूल झालं, कुणी एकाने काही वर्षं घरी राहायचं ठरवलं, तर मात्र ही उडी अंगावर येते.

पूर्ण 20 वर्षांत चढत्या हप्त्याचं व्याज होतं सुमारे 46 लाख 70 हजार. समान हप्त्यापेक्षा 3 लाख 39 हजार जास्त. पहिल्या 5 वर्षांत हप्त्यात वाचले होते 2 लाख 83 हजार; पुढच्या 15 वर्षांत जादा भरावे लागतात 6 लाख 22 हजार. या दोहोंतला फरक म्हणजेच ते 3.39 लाख.

ही लूट आहे का? नाही. सुरुवातीला दरमहा वाचणाऱ्या 4,713 रुपयांवर 8.5 टक्क्यांनी बसलेलं ते व्याज आहे. ते पैसे तिने 12 किंवा 14 टक्क्यांचं दुसरं कर्ज लवकर संपवायला वापरले, तर सौदा फायद्याचा ठरतो. ते नव्या फोनच्या हप्त्यात गेले, तर एका कर्जाच्या पोटातून दुसरं कर्ज फेडलं, एवढंच झालं.

जास्त व्याज म्हणजे जास्त करसवलत, असाही एक युक्तिवाद ऐकायला मिळतो. स्वतः राहत असलेल्या घरासाठी जुन्या करप्रणालीत व्याजाची वजावट वर्षाला 2 लाखांपर्यंतच मिळते. समान हप्त्यातसुद्धा या कर्जाचं पहिल्या वर्षाचं व्याज 3 लाख 37 हजार असतं. वजावट आधीच काठोकाठ भरलेली आहे. नव्या करप्रणालीत अशा घराला ती वजावटच नाही. तेव्हा हा युक्तिवाद इथे गैरलागू आहे.

आता प्रश्न असा की 30,000 ऐवजी आणखी कमी हप्त्याने सुरुवात का करू नये? पगारासारखाच दरवर्षी 5 टक्क्यांनी वाढणारा हप्ता 20 वर्षं ठेवला तर? ऐकायला हे अगदी सरळ वाटतं. सूत्रात आकडे घातले की पहिला हप्ता येतो साधारण 24,018 रुपये. पण पहिल्या महिन्याचं व्याजच 28,333 आहे! उरलेले 4,315 रुपये कुठून येणार? ते मुद्दलात मिसळतात आणि पुढच्या महिन्यापासून त्यांच्यावरही व्याज लागतं. पहिल्या वर्षाअखेरीस कर्ज 40 लाखांवरून सुमारे 40 लाख 54 हजारांवर जातं. 5 वर्षांत जवळपास 16 लाख रुपये भरूनही ते साडेएकेचाळीस लाखांच्या घरात असतं. हप्ता व्याजाला ओलांडतो तो सहाव्या वर्षी. शेवटच्या वर्षी हप्ता 60 हजारांवर गेलेला असतो आणि एकूण व्याज 55 लाख 30 हजारांवर.

याला ऋण परतफेड म्हणतात, म्हणजे हप्ते भरत असतानाच कर्ज वाढत जाणं. अमेरिकेत 1970 च्या दशकातल्या महागाईत तरुण कुटुंबांसाठी सरकारी हमीची चढत्या हप्त्याची घरकर्जं निघाली. त्यात हप्ता पहिली काही वर्षं दरवर्षी वाढे आणि मग स्थिर होई. त्यांतही सुरुवातीला शिल्लक कर्ज वाढत असे. घरांच्या किमती चढत्या होत्या तोवर कुणाला ते जाणवत नसे. किंमत थांबली की घर विकूनही कर्ज फिटत नसे.

आपल्याकडच्या बँका म्हणूनच सहसा व्याजाच्या रेषेखाली हप्ता जाऊ देत नाहीत. स्टेट बँकेच्या ‘फ्लेक्सीपे’ घरकर्जात सुरुवातीची काही वर्षं फक्त व्याज भरायची सोय आहे, पुढे हप्ते चढत जातात. एचडीएफसीची ‘सर्फ’ नावाची योजनाही अपेक्षित पगारवाढीला हप्ता बांधणारी. ‘फक्त व्याज’ ही या प्रकाराची तळरेषा. वरच्याच उदाहरणात पहिली 5 वर्षं नुसतं 28,333 व्याज भरलं, तर सहाव्या वर्षी अंगावर पूर्ण 40 लाखच असतात. पुढच्या 15 वर्षांसाठी हप्ता होतो 39,390 आणि एकूण व्याज 47 लाख 90 हजार.

या तळरेषेच्या जवळ राहण्यात खरा धोका दराचा असतो. घरकर्जं बहुतेक बदलत्या दराची असतात. 2019 च्या ऑक्टोबरपासून बँकांची नवी घरकर्जं रेपोसारख्या बाह्य निर्देशांकाला बांधलेली आहेत. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या दहा महिन्यांत रेपो दर 4 टक्क्यांवरून 6.5 टक्क्यांवर गेला. अडीच टक्क्यांची ही वाढ 30,000 रुपयांच्या चढत्या हप्त्याला लावून पाहा. कर्ज अजून 40 लाखांच्या आसपासच आहे. दर 8.5 चा 9 टक्के झाला, की महिन्याचं व्याजच 30,000 होतं. अर्ध्या टक्क्यात मुद्दलफेड संपली. 9.5 टक्क्यांना व्याज 31,667 होतं, म्हणजे हप्ता कमी पडायला लागतो. समान हप्त्याची ही वेळ दर 10.4 टक्क्यांना पोहोचल्यावर येते.

एरवी दर वाढला की बँका हप्ता तोच ठेवून मुदत लांबवतात. चढत्या हप्त्याच्या सुरुवातीच्या काळात तो मार्गच बंद होतो, कारण व्याजच भागत नसेल तर मुदत कितीही लांबवून कर्ज फिटत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये बँकांना बजावलं की मुदत वाढवताना ऋण परतफेड होणार नाही याची काळजी घ्यावी. मग उरतो एकच उपाय, हप्ता आत्ताच वाढवणं. ज्या वर्षांत हप्ता हलका राहावा म्हणून ही योजना घेतली, नेमक्या त्याच वर्षांत तो चढतो.

आतापर्यंत दोन्हीकडे कर्ज 40 लाखच धरलं. प्रत्यक्षात मात्र चढता हप्ता बहुतेकदा विकला जातो तो हप्ता कमी करायला नाही, कर्ज मोठं करायला. 30,000 रुपयांची ऐपत असेल, तर समान हप्त्यात बँक साधारण 34 लाख 57 हजार देईल. त्याच ऐपतीवर चढत्या हप्त्यात 40 लाख मिळतात. मग एक बेडरूम वाढते, किंवा तेच घर थोड्या बऱ्या वस्तीत मिळतं. पण तुलना करायची तर ती या दोन कर्जांत व्हायला हवी. 34.57 लाखांवर 20 वर्षांत व्याज जातं 37 लाख 43 हजार. चढत्या हप्त्याच्या 40 लाखांवर जातं 46 लाख 70 हजार. साडेपाच लाख जादा मुद्दल आणि वर सव्वानऊ लाख जादा व्याज. जाहिरातीतली ‘वाढीव पात्रता’ या किमतीला मिळते.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा, कारण त्यात भलेभले फसतात. ‘दरवर्षी हप्ता 5 टक्क्यांनी वाढवा आणि लाखोंचं व्याज वाचवा’ असा सल्ला जागोजागी दिला जातो, आणि त्यालाही स्टेप-अपच म्हणतात. तो सल्ला बरोबर आहे, पण ती गोष्ट वेगळी आहे. तिथे सुरुवात समान हप्त्यापासून, म्हणजे 34,713 पासून होते आणि दरवर्षीची वाढ त्याच्या वर असते. असं केलं तर हे कर्ज 12 वर्षं 3 महिन्यांत फिटतं आणि व्याज 43.31 लाखांऐवजी साधारण 27 लाख 70 हजार जातं. बँकेच्या चढत्या हप्त्याची सुरुवात 34,713 च्या खालून होते. वाढ दोन्हीकडे आहे, पण एक व्याज वाचवते आणि दुसरी वाढवते. समोरच्या कागदावर कोणती आहे, हे ओळखायला पहिला हप्ता पाहावा. तो त्याच रकमेच्या, दराच्या आणि मुदतीच्या समान हप्त्याहून कमी असेल, तर एकूण व्याज वाढणारच.

उतरत्या हप्त्याची कहाणी याच्या उलट. तो शोभतो तो ज्या घरात आजची मिळकत उद्यापेक्षा जास्त आहे तिथे. ठराविक उदाहरण म्हणजे आई आणि मुलगा सहकर्जदार, आणि आईच्या निवृत्तीला 5 वर्षं उरलेली. आईचा पगार चालू आहे तोवर दोघं मिळून 42,000 रुपये भरू शकतात, पुढे मुलाला एकट्याला 30,000 च्या आतच झेपेल. एचडीएफसीची ‘फ्लिप’ योजना अशाच कुटुंबांसाठी होती.

त्याच 40 लाखांवर पहिली 5 वर्षं 42,000 भरले, तर पहिल्याच महिन्यात मुद्दलात 13,667 रुपये जातात, समान हप्त्याच्या दुपटीहून अधिक. 5 वर्षांनी शिल्लक राहतात 29 लाख 83 हजार. पुढचा हप्ता 29,371 रुपयांवर उतरतो. एकूण व्याज होतं 38 लाख 7 हजार, म्हणजे समान हप्त्यापेक्षा 5 लाख 24 हजारांनी कमी. सुरुवातीला दरमहा 7,287 रुपये जास्त सोसायचे, त्याचा हा मोबदला.

पण या मोबदल्याला मर्यादा आहे आणि ती लोकांच्या लक्षात येत नाही. व्याज वाचतं ते हप्ता चढा असतो त्या 5 वर्षांमुळे, पुढे तो उतरतो त्यामुळे नव्हे. आई निवृत्त झाल्यावरही घर 42,000 भरू शकत असेल, तर तेच चालू ठेवल्यास कर्ज सव्वातेरा वर्षांत संपतं आणि व्याज सुमारे 26 लाख 80 हजारांवर थांबतं. म्हणून हप्ता उतरण्याची ऐन वेळ आली की तो खरंच उतरवायला हवा का, हे तेव्हाच्या मिळकतीवरून ठरवावं. वेळापत्रकात लिहिलंय म्हणून उतरवू नये.

शिवाय उतरता हप्ता मिळवायला स्वतंत्र योजनाच लागते असंही नाही. बदलत्या दराच्या घरकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेता येत नाही. तेव्हा समान हप्त्याचं कर्ज घ्यायचं, आईचा पगार आहे तोवर जादा रक्कम मुद्दलात भरत राहायची आणि 5 वर्षांनी बँकेला हप्ता नव्याने बांधून मागायचा. परिणाम तोच होतो आणि अडचणीच्या वर्षी जादा रक्कम न भरण्याची मुभाही राहते. योजनेत बांधलेला 42,000 चा हप्ता मात्र चुकला तर चुकला. दंड लागतो आणि पतनोंदीत डाग पडतो. जादा भरताना एक दक्षता घ्यावी. ती रक्कम पुढच्या हप्त्यांचा आगाऊ भरणा म्हणून न धरता मुद्दलात वळती करावी, असं बँकेला लेखी सांगावं.

चढत्या हप्त्याला मात्र असा घरगुती पर्याय नाही. समान हप्त्यापेक्षा कमी भरायचं तर बँकेची संमती हवीच. म्हणून तिथे कागद जास्त बारकाईने वाचावा लागतो. 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जांसाठी बँकेने ‘मुख्य तथ्य विवरण’ देणं बंधनकारक आहे आणि परतफेडीचं वेळापत्रक त्याचाच भाग आहे. त्यात प्रत्येक हप्त्यातलं व्याज, मुद्दल आणि शिल्लक रक्कम वेगवेगळ्या रकान्यांत असते. हप्ता केव्हा आणि किती रुपयांनी चढणार, हेही त्यातच दिसतं. खात्यातून हप्ता आपोआप कापण्यासाठी जो आदेश दिलेला असतो, त्याची कमाल मर्यादा वाढीव हप्त्याला पुरेल एवढी आहे का, हेही तपासावं. नाहीतर खात्यात पैसे असूनही पहिलाच वाढीव हप्ता परत जाण्याची पाळी येते.

वेळापत्रकात सर्वांत आधी पाहायची ओळ 60व्या हप्त्याची. 20 वर्षं कर्ज चालवणारे थोडेच. कुणी घर विकतं, कुणी कमी दरासाठी दुसऱ्या बँकेत जातं. त्या दिवशी हातात द्यावी लागते ती शिल्लक रक्कम. आपल्या उदाहरणात ती चढत्या हप्त्यात 38 लाख 76 हजार असते, समान हप्त्यात 35 लाख 25 हजार आणि उतरत्या हप्त्यात 29 लाख 83 हजार. बँकेत सही करण्यापूर्वी तिन्ही वेळापत्रकं मागून घ्या आणि हा एकच आकडा तिन्हींत शेजारी शेजारी ठेवून पाहा. ती वेळापत्रकं छापून द्यायला बँकेला पाच मिनिटंही लागत नाहीत.